'रेकमेंड दॅट' नंतर 'बी' लिहायचं की 'शुड बी'? आमचे साहेब 'बी' दिसलं की खोडून 'इज' करतात. बरोबर कोण?

'बी' बरोबर, 'शुड बी' चालतं. 'इज' मात्र शिफारशीच्या परिच्छेदात येऊ देऊ नका. लाल पेनाने 'बी' खोडणाऱ्या मंडळींशी माझा वाद जुना आहे. त्यांना वाटतं की हा टायपिंगचा घोटाळा आहे किंवा कुठलं तरी जुनाट इंग्रजी आहे. दोन्ही खरं नाही, आणि खोडल्यावर बिघडतो तो वाक्याचा अर्थ.

पाणीपुरवठ्याच्या कामाचा तपासणी अहवाल घ्या. मसुद्यात वाक्य आहे, 'द कमिटी इन्सिस्ट्स दॅट द कॉन्ट्रॅक्टर बी रजिस्टर्ड.' कंत्राटदाराची नोंदणी झालेली असलीच पाहिजे, अशी समितीची अट. वरच्या टेबलावर 'बी'चं 'इज' झालं की तेच वाक्य सांगू लागतं, कंत्राटदार नोंदणीकृत आहेच, असं समिती ठासून म्हणते. अट गेली आणि तिच्या जागी ग्वाही आली. पुढे ऑडिटमध्ये नोंदणीच नसल्याचं निघालं, तर पहिल्या वाक्याची समिती विचारू शकते की आम्ही घातलेली अट कोणी पाळली नाही. दुसऱ्या वाक्याच्या समितीला आधी उत्तर द्यावं लागेल, तुम्ही न बघता ग्वाही कशी दिली? फरक एका क्रियापदाचा, पण जबाबदारी या टेबलावरून त्या टेबलावर जाते.

हे होतं कारण 'इन्सिस्ट' दोन कामं करतं. एक आग्रह धरण्याचं, दुसरं ठामपणे सांगण्याचं. 'सजेस्ट'चंही तसंच आहे, सुचवणं आणि सूचित होणं. निष्कर्षांच्या प्रकरणात 'द डेटा सजेस्ट दॅट द स्कीम इज फेलिंग' हेच बरोबर, कारण तिथे आकडे वस्तुस्थिती दाखवतात. शिफारशींच्या प्रकरणात 'वुई सजेस्ट दॅट द स्कीम बी क्लोज्ड' हे बरोबर, कारण योजना अजून बंद झालेली नाही, ती व्हावी अशी सूचना आहे. एकाच अहवालात 'सजेस्ट'नंतर दोन्ही रूपं येतात आणि दोन्ही योग्य असतात. 'सगळीकडे सारखं करा' असा शेरा मारून हे सपाट करणारा माणूस अहवाल सुधारत नाही, बिघडवतो. 'रेकमेंड'ला हा दुटप्पीपणा नाही. ते कायम शिफारसच करतं, म्हणून त्यापुढचं 'इज' लगेच खटकतं.

ओळखायचं कसं? मराठीत वाक्य मनात म्हणून बघा. शेवटी 'करावं, व्हावं, असावं' आलं तर इंग्रजीत क्रियापदाचं मूळ रूप. 'आहे, होतं, झालं' आलं तर नेहमीचा काळ. 'शुल्क माफ व्हावं' असेल तर 'दॅट द फी बी वेव्ह्ड'. आपल्याकडे विध्यर्थ रोजच्या बोलण्यात आहे, त्यामुळे ही कसोटी सहसा फसत नाही.

ती फसते एका ठिकाणी, 'एन्शुअर'पाशी. 'फॉर्म भरला जावा याची खात्री करा' असं आपण म्हणतो, म्हणून नवशिके हटकून 'एन्शुअर दॅट द फॉर्म बी फिल्ड' लिहितात. तिथे 'इज फिल्ड'च हवं. 'नोट', 'फाइंड', 'ऑब्झर्व्ह', 'कन्क्लूड' ही सगळी निष्कर्षाची क्रियापदं, त्यांच्यानंतरही नेहमीचाच काळ.

आता रूपाबद्दल, कारण साहेबांचा लाल पेन इथेच चालतो. मूळ रूप काळाप्रमाणे बदलत नाही. समितीने मागच्या वर्षी शिफारस केली असली तरी 'रेकमेंडेड दॅट द फी बी वेव्ह्ड' असंच. 'वॉज वेव्ह्ड' केलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, शुल्क माफ होऊन गेलं. एकवचनी कर्त्यालाही 'एस' लागत नाही, 'दॅट द डिपार्टमेंट सबमिट अ रिपोर्ट'. नकारात 'डझ नॉट' येत नाही, नुसता 'नॉट' क्रियापदाच्या आधी येतो: 'दॅट द ऑफिसर नॉट साइन', 'दॅट द फाइल नॉट बी क्लोज्ड'. कर्ता अनेकवचनी असेल तर 'दॅट ऑल डिपार्टमेंट्स सबमिट' यात फरक दिसतच नाही, म्हणून लोकांना नियम आहे हेच कळत नाही. आणि मुख्य क्रियापद वेगळं, त्याच्याशी गल्लत करू नका. लोकसभेच्या समित्यांच्या अहवालांत 'द कमिटी रेकमेंड' असं 'एस'शिवाय दिसतं, ते समितीला अनेकवचनी धरल्यामुळे. त्याचा 'बी'शी काही संबंध नाही.

साहेबांना पुरावा हवा असेल तर संसदेचं कामकाज दाखवा. विधेयक मंजुरीला टाकताना प्रस्ताव असतो, 'दॅट द बिल बी पास्ड'. तिथे कोणी 'इज पास्ड' म्हणत नाही, कारण ते अजून मंजूर झालेलं नसतं.

'शुड बी'बद्दल माझं मत स्पष्ट आहे. व्याकरणाने ते बरोबर आहे, ब्रिटिश वळणाच्या लेखनात रुळलेलं आहे, आणि आपल्या सरकारी अहवालांत तर जागोजागी आहे. पण धोरणाच्या टिपणात 'मस्ट', 'शुड', 'मे' यांना पुष्कळदा उतरता जोर ठरवून दिलेला असतो, आणि 'शुड' म्हणजे जमलं तर करा. अशा टिपणात 'रेकमेंड दॅट... शुड' वाचणारा विचारतो, ही शिफारस आहे की ऐच्छिक शिफारस? 'बी' वापरलं की सगळा जोर 'रेकमेंड' किंवा 'इन्सिस्ट'वर राहतो, जिथे तो ठरवून ठेवला आहे. 'रेकमेंड दॅट... शल' मात्र मुळीच नको. शिफारस करणाऱ्याने आदेशाची भाषा वापरू नये.

छापण्याआधी फाइलमध्ये `recommend`, `suggest`, `insist` एकेक करून शोधा आणि प्रत्येक 'दॅट'नंतरचं क्रियापद बघा. `recommendation that` आणि `essential that` हेही शोधा, नियम त्यांनाही लागू आहे. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर 'सबमिट'चं 'सबमिट्स' करा म्हणालं तर ऐकू नका.

एक गोष्ट साहेबांच्या बाजूनेही सांगायला हवी. ब्रिटिश इंग्रजीत आग्रहाच्या अर्थानेही 'इन्सिस्ट दॅट ही इज' असं लिहिलं जातं, त्यामुळे त्यांनी ते कुठेतरी वाचलं असणार. अमेरिकी वाचकाला ते चूकच वाटेल. परदेशी निधीसंस्थेला अहवाल जाणार असेल तर हे लक्षात ठेवा.

आणि साहेब ऐकतच नसतील तर वाक्य फिरवा: 'द कमिटी रेकमेंड्स वेव्हिंग द फी.' 'बी'ही नाही, 'इज'ही नाही. फक्त अशा वाक्यात माफी कोणी द्यायची हे गळून पडतं, तेव्हा 'द वेव्हिंग ऑफ द फी बाय द डिपार्टमेंट' असं करून विभागाचं नाव त्याच वाक्यात घाला, नाहीतर कारवाईच्या तक्त्यात 'जबाबदार विभाग' हा रकाना कोरा राहील.