चार थकलेली बिलं, चोवीस टक्के व्याज आणि मोडू की न मोडू अशी एफडी

प्रश्न : आमचा फ्लॅट नागपूरच्या मनीषनगरला आहे, आम्ही पुण्यात राहतो. वर्षभर भाडेकरू आहे. सोसायटी महिन्याला 2,600 रुपये मेंटेनन्स आणि फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल वर 1,200 रुपये नॉन-ऑक्युपन्सी लावते. तेवढ्यावरून वाद झाला आणि चार तिमाही बिलं भरायची राहिली. आता 30 एप्रिलपर्यंतचे 55,018 रुपये मागताहेत. आमसभेत 24 टक्के व्याज मंजूर आहे म्हणतात. एक लाखाची एफडी पाच महिन्यांनी पिकणार आहे. ती मोडून सगळं भरावं, की निकाल लागेपर्यंत काहीच देऊ नये?

उत्तर : दोन्ही नको. जेवढं खरोखर देणं लागतं तेवढं या आठवड्यातच भरा, आणि उरलेल्या रकमेवर लेखी हरकत घ्या.

आधी एक गोष्ट तपासा, कारण नागपुरात इथेच गल्लत होते. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आहे की ‘डीड ऑफ अपार्टमेंट’? आपल्याकडे अनेक इमारती 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तिथे लोक ‘सोसायटी’ म्हणतात खरं, पण ती सहकारी संस्था नसते, आणि चालतात ते घोषणापत्राला जोडलेले उपविधी. पुढचं सगळं सहकारी गृहनिर्माण संस्थेसाठी आहे. शेअर सर्टिफिकेट आणि नोंदणी क्रमांक असेल तर पुढे वाचा.

पहिला आकडा नॉन-ऑक्युपन्सीचा. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. आमसभेने एकमताने 1,200 ठरवले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. इथे ‘सेवाशुल्क’ या शब्दाकडे नीट बघा. सेवाशुल्क म्हणजे चौकीदार, सफाई, कार्यालय, सामाईक वीज, हिशेब तपासणी यांचा खर्च. पाणीपट्टी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, मालमत्ता कर त्यात येत नाहीत. तुमच्या 2,600 पैकी सेवाशुल्क 1,500 असेल तर नॉन-ऑक्युपन्सी महिन्याला 150 रुपये. बऱ्याच संस्था पूर्ण बिलाच्या 10 टक्के धरून 260 लावतात. तेही चूकच, फक्त 1,200 इतकं डोळ्यांत भरत नाही. म्हणून बिलाची फोड मागून घ्या. फोडीशिवाय आलेल्या बिलावर हिशेब करताच येत नाही. दोन भाडेकरूंच्या मधे फ्लॅट कुलूपबंद राहिला असेल तर ते महिने वगळायला सांगा. हे शुल्क दुसऱ्याला राहायला दिल्याचं आहे, रिकाम्या घराचं नव्हे. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी अशी जवळची माणसं राहत असतील तरीही ते लागत नाही.

दुसरा आकडा व्याजाचा. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभा दर ठरवू शकते, पण दरसाल कमाल 21 टक्के, आणि तेही सरळ व्याज. म्हणून 24 टक्के तर बसतच नाहीत, आणि चक्रवाढीचा फटका त्याहून वेगळा. हिशेबाचं सॉफ्टवेअर मागच्या महिन्याचं व्याज ‘मागील बाकी’च्या रकान्यात टाकतं आणि पुढच्या महिन्यात त्या बाकीवर पुन्हा व्याज चढवतं. ओळखायची खूण सोपी आहे : तुम्ही एक पैसाही भरला नसताना एकाच जुन्या बिलावरचं व्याज दर महिन्याला थोडं थोडं वाढत असेल, तर ती चक्रवाढ. सरळ व्याज दर महिन्याला तेवढंच येतं. शिवाय 2025 मध्ये राज्य सरकारने काढलेल्या मसुदा नियमांत ही कमाल 12 टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव होता. म्हणून अंतिम रक्कम ठरवण्याआधी तुमच्या संस्थेचे नोंदणीकृत उपविधी बघा आणि सध्या लागू असलेली मर्यादा उपनिबंधक कार्यालयातून विचारून घ्या.

आता तुमचा हिशेब मांडू. बिलांची मुदत अनुक्रमे 30 एप्रिल, 31 जुलै, 31 ऑक्टोबर आणि 31 जानेवारी धरली. सोसायटीने प्रत्येक तिमाहीला 11,400 धरले, महिन्याला 2 टक्क्यांनी चक्रवाढ केली. त्याचे 53,018 होतात. वर प्रत्येक बिलाला 500 प्रमाणे ‘लेट फी’चे 2,000 लावले असतील तर बरोबर 55,018 येतात. ही लेट फी स्वतंत्र ओळीवर आहे का बघा. उशिराबद्दल व्याज घेतल्यावर त्याच उशिराचा वेगळा दंड कशाच्या आधारे, हा प्रश्न लेखी विचारा.

सेवाशुल्क 1,500 धरलं तर बरोबर हिशेब असा : तिमाहीला (2,600 + 150) × 3 म्हणजे 8,250, चार बिलांचे 33,000. चार बिलं अनुक्रमे 12, 9, 6 आणि 3 महिने थकली, मिळून 30 महिने. 21 टक्के म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के, 8,250 वर 144 रुपये 38 पैसे. गुणिले 30, म्हणजे 4,331. एकूण 37,331. मर्यादा 12 टक्के निघाली तर व्याज 2,475 वर येतं. मागणीत आणि या रकमेत साडेसतरा हजारांहून जास्त फरक आहे, आणि त्यासाठी भांडायला हरकत नाही. 37,331 मात्र अडवून ठेवू नका. 33,000 वर 21 टक्क्यांनी आणखी पाच महिन्यांत 2,888 रुपये चढतील, आणि ते व्याज कायदेशीर असेल.

पैसे कुठून आणायचे? एफडी मोडण्याआधी बँकेला तिच्यावरच कर्ज मागा. समजा एफडी एका वर्षाची, 7 टक्क्यांची आहे आणि कर्ज 9 टक्क्यांनी मिळालं. 38,000 वर पाच महिन्यांचं व्याज 1,425, पण तेवढ्याच रकमेवर एफडी 1,108 कमावत राहते. निव्वळ भुर्दंड 317. मुदतीआधी मोडलीत तर एक टक्का दंड धरून लाखावर सात महिन्यांचे साधारण 583 जातात, आणि दरही कमी धरला जाऊ शकतो. कर्जच बरं.

भरताना यूपीआयने नुसते पैसे टाकून मोकळे होऊ नका. संस्था ते आधी आपल्या फुगवलेल्या व्याजात वळते करेल आणि मुद्दल तसंच उभं राहील. सोबत पत्र द्या : ‘ही रक्कम सोबतच्या तक्त्यातील चार बिलांच्या मुद्दलापोटी व सरळ व्याजापोटी आहे, उरलेली मागणी मान्य नाही, हक्क राखून भरत आहे.’ पत्राच्या प्रतीवर सचिवांची पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा. त्याच पत्रात खातेउतारा, व्याजाचा दर ठरवणाऱ्या ठरावाची प्रत आणि सेवाशुल्काची फोड मागा.

समितीने दाद दिली नाही तर याच कागदांसह उपनिबंधकांकडे तक्रार करा. आमसभेच्या ठरावालाच आव्हान द्यायचं असेल तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय आहे. काहीच न भरता बसण्याचा धोका वेगळा आहे : संस्था त्याच कायद्याच्या कलम 154ब-29 खाली वसुली दाखला मागू शकते. तो एकदा निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षणाला जाताना वसूल करायच्या रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात, आणि तो निम्मा हिशेब 37,331 वर नाही, दाखल्यातल्या आकड्यावर होतो. दाखल्याच्या अर्जाची नोटीस आली तर तारखेला हजर राहा आणि भरल्याची पावती, पत्राची पोच व वरचा तक्ता दाखल करा.

पुढचं बिल येईल तेव्हाही 2,750 च्या हिशेबाने मुदतीत भरत राहा.