सुमनला पायलटमध्येच सुधारू नकोस

तुझ्या मालिकेचा पायलट, म्हणजे पहिल्या भागाची पटकथा, वाचला. नागपुरातल्या कळमन्याच्या संत्रा बाजारात अडत्याकडे हिशेब लिहिणारी सुमन झकास उतरलीय. पण पन्नासाव्या पानावर ती एकदम धीट होऊन मालकाला सुनावते, तिथे घोळ आहे. सिनेमात चालून जाईल. मालिकेत पात्र पहिल्याच भागात सुधारलं, तर पुढचे भाग कशावर चालणार? फेलोशिपसाठी आलेल्या पटकथा वाचणारा हेच बघतो.

आधी तिची खोड पक्की कर: वाद टाळायला ती खोटं लिहिते. पहिल्या पाच पानांतच मालकाने नुसतं बघितलं की ती शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत वजन थोडं कमी लिहिते. मध्यावर तोच शेतकरी तिच्या मामाच्या गावचा निघतो आणि पट्टी घेऊन दारात उभा राहतो. शेवटी तिने खरं बोलूच नये. खरी वही घरी न्यावी आणि मालकाला सांगावं, हरवली. खोटंच, पण पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं. स्वभाव तोच, मागे फिरायची सोय मात्र संपली.

तपासायचं असेल तर तिचा पहिला आणि शेवटचा निर्णय शेजारीशेजारी लिही. भीती एकच आणि किंमत वाढलेली दिसली पाहिजे. आणि तो ‘आता मी घाबरणार नाही’ संवाद आजच काढून टाक बाई.