बोलता न येणाऱ्या बाळाची लो शुगर आणि अर्धवट राहिलेलं ताट

प्रश्न: मुलगा सव्वादोन वर्षांचा, वजन 12 किलो. दोन महिन्यांपूर्वी टाईप वन मधुमेह निघाला. शुगर लो होतेय हे त्याला सांगता येत नाही आणि रडणं तर रोजचंच आहे, मग ओळखायचं कसं? परवा दुपारी जेवणाआधी 1 युनिट दिलं आणि दोन घास खाऊन त्याने तोंड फिरवलं. अशा वेळी काय करायचं?

उत्तर:

तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडलेले आहेत. या वयात बऱ्याचदा शुगर लो होते ती इन्सुलिन आधी टोचलं आणि जेवण पोटात गेलं नाही म्हणून. त्यात शरीर इतकं लहान असतं की अर्ध्या युनिटनेही मोठा फरक पडतो. दिवसाला एकूण 7 युनिट लागणाऱ्या मुलाची शुगर 1 युनिटने साधारण 250 ने उतरू शकते, म्हणजे अर्ध्या युनिटने सव्वाशे. हा ढोबळ अंदाज आहे, पण एक घास कमी-जास्त झाल्याने एवढं का बिघडतं ते यावरून कळतं.

आधी ओळखण्याबद्दल. मोठ्या माणसाला शुगर उतरली की थरथर, धडधड, भूक जाणवते आणि तो तसं बोलून दाखवतो. लहान मुलात आधी स्वभाव बदललेला दिसतो. काही मुलं कारण नसताना चिडतात, हातातलं फेकतात, उचललं तरी शांत होत नाहीत. काही अगदी उलट वागतात: खेळता खेळता एकदम गप्प होतात, येऊन बिलगतात, एकटक बघत राहतात. दुसऱ्या प्रकाराकडे घरच्यांचं लक्ष जात नाही, कारण शांत बसलेलं मूल सगळ्यांना बरंच वाटतं. झोपेची वेळ नसताना डोळे मिटायला लागणं, सरळ चालणाऱ्या मुलाचे पाय अडखळणं, नेहमीचे शब्द अस्पष्ट येणं, ओठांभोवतीचा रंग उतरणं, या खुणांवर माझा जास्त भरवसा असतो. घामाचं म्हणाल तर उन्हाळ्यात मूल घामेजलेलंच असतं. लो शुगरचा घाम गार असतो. मानेमागे आणि कपाळावर हात लावून बघा. कातडी ओली आणि गार लागली आणि तळहातही गार असले तर लगेच तपासा.

तरीही नुसतं बघून ठरवू नका. हट्टाने रडणारं मूल आणि शुगर लो होऊन रडणारं मूल बाहेरून अगदी सारखं दिसू शकतं. म्हणून घरात एकच नियम ठेवा: वागणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं की आधी बोट टोचायचं, मग समजूत काढायची किंवा रागवायचं. 70 च्या खाली आकडा आला तर लो, 54 च्या खाली आला तर गंभीर. मीटर हाताशी नसेल तर लो आहे असं समजून साखर द्या. एखाद्या वेळी विनाकारण 4 ग्रॅम साखर गेली तर फार बिघडत नाही.

टोचण्याआधी बोट पाण्याने धुऊन कोरडं करा. आंबा, केळं किंवा गूळ बोटाला लागलेला असेल तर पट्टी खोटा मोठा आकडा दाखवते आणि खरी लो नजरेतून सुटते.

अंगावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर तो रक्तापेक्षा थोडा मागे असतो, साधारण 5 ते 15 मिनिटं. शुगर वेगाने उतरत असताना सेन्सरवर 85 आणि खाली जाणारा बाण दिसत असेल तर रक्तात ती आधीच 70 च्या आसपास आलेली असू शकते. उलट मूल सेन्सरच्या कुशीवर झोपलं की दाबामुळे तो खोटी लो दाखवतो. कूस बदलून, बोट टोचून खात्री करा. झोपेत अंग गार घामाने भिजलं, मूल कण्हायला लागलं, सारखं वळवळलं किंवा हलवूनही नीट जागं झालं नाही, तर मध्यरात्रीही टोचा. दिवसभर खूप धावपळ झाली असेल किंवा रात्रीचं जेवण कमी झालं असेल, तर रात्री दोन-तीनच्या सुमारास एकदा तपासाच.

प्रत्येक मुलाची लो होण्याची तऱ्हा बहुधा ठरलेली असते. लो सापडली की त्याआधीच्या दहा मिनिटांत मूल काय करत होतं ते वहीत एका ओळीत लिहा. आठ-दहा नोंदी झाल्या की तुमच्या मुलाची खूण दिसायला लागेल. वही आजीला आणि पाळणाघरातल्या ताईंनाही दाखवा. त्याच वेळी मुलालाही एक शब्द द्या: साखर पाजताना दर वेळी "डुगडुग होतंय ना" असं म्हणत राहा. अडीच-तीन वर्षांची बरीच मुलं मग स्वतःच तो शब्द घेऊन येतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. शुगर वारंवार लो होत राहिली तर शरीर इशारा देणंच कमी करतं आणि खुणा बोथट होतात. आठवड्यात अनेकदा लो होत असेल तर डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. काही आठवडे लो टाळली की खुणा पुन्हा दिसू लागतात.

लो झाल्यावर किती द्यायचं? किलोला 0.3 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे 12 किलोला साधारण 4 ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा साखर किंवा ग्लुकोज पावडर. ती दोन-तीन चमचे पाण्यात विरघळवा आणि बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आत थोडी थोडी सोडा. शुगर 40 ते 50 ने चढते. तोंड घट्ट मिटलं असेल, पण मूल जागं असेल आणि गिळत असेल, तर पावडरची दाट पेस्ट किंवा मध हिरडीला आतून चोळा. 15 मिनिटांनी बोट टोचा, अजून 70 च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या. सेन्सर या वेळी उशिरा वर येतो, म्हणून त्याच्याकडे बघून आणखी साखर देऊ नका. चॉकलेट, पेढा, लाडू यांतल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. तोवर घाबरून आणखी भरवलं जातं आणि दोन तासांनी आकडा 300 दिसतो.

मूल बेशुद्ध झालं किंवा झटके आले तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, शुगर चढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल तर 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलिग्रॅमच्या कुपीतलं अर्धं द्या आणि 108 ला फोन करा. ग्लुकागॉननंतर उलटी होऊ शकते, म्हणून कुशीवरच ठेवा.

आता परवाची दुपार. तुमच्या मुलाला 1 युनिटला 30 ग्रॅम कर्बोदकं लागतात असं धरू. (खरं प्रमाण डॉक्टरांकडून घ्या, बहुधा सकाळचं आणि रात्रीचं वेगळं असतं.) वरणभाताच्या दोन घासांत फार तर 5 ग्रॅम गेले, म्हणजे 25 ग्रॅमची तूट. पण ती त्याच क्षणी भरायची नसते. जेवणाआधीच्या झटपट इन्सुलिनचा जोर एक ते दोन तासांनी सर्वांत जास्त असतो, म्हणजे हाताशी थोडा वेळ असतो. ताट शांतपणे उचला आणि अर्ध्या तासाने 150 मिलिलिटर दूध (7 ग्रॅम) आणि अर्धं लहान केळं (8 ग्रॅम) पुढे करा. उरलेल्या 10 ग्रॅमसाठी पुढचे दोन-तीन तास दर अर्ध्या तासाने शुगर बघा. 100 च्या खाली घसरत असेल तर एक लहानसा फुलका (12 ते 15 ग्रॅम) किंवा पुन्हा दूध द्या, 70 च्या खाली गेली तर वर सांगितलेली साखर. न जेवल्याची भरपाई बिस्किटाने किंवा गोळीने करू नका. तोंड फिरवलं की बिस्किट मिळतं हे सव्वादोन वर्षांचं मूल आठवड्याभरात शिकतं आणि मग रोज तोंड फिरवतं.

ही वेळच येऊ नये म्हणून डोस दोन भागांत विभागण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. मूल हमखास खातं तेवढ्याचंच इन्सुलिन आधी द्यायचं. समजा 150 मिलिलिटर दूध आणि अर्धा फुलका, साधारण 14 ग्रॅम, तर अर्धं युनिट आधी. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत आटोपायचं, तोवर किती गेलं ते मोजायचं. आणखी 15 ग्रॅम गेले तर दुसरं अर्धं युनिट, 6-7 ग्रॅमच गेले तर काही नाही. दोनदा टोचावं लागतं, हे खरं. पण सगळा डोस रोज जेवणानंतर दिला तर जेवणानंतर शुगर उंच चढते. म्हणून ती सोय आजारपणासाठी किंवा जेवणाआधीच शुगर 70-80 असेल तेव्हासाठी ठेवा. 70 च्या खाली असेल तर आधी साखर, मग जेवण, मग इन्सुलिन.

यासाठी अर्ध्या युनिटचा पेन लागतो आणि झटपट चालणारं इन्सुलिन लागतं. जुनं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यावं लागतं आणि त्याचा जोर दोन ते चार तासांनी येतो, त्यामुळे जेवण बघून डोस ठरवण्याची ही युक्ती त्याला लागू पडत नाही. आणि मूल जेवलं नाही म्हणून दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन कधीच वगळू नका, त्याने रक्तात कीटोन्स नावाची आम्लं वाढतात.

एक धोका आपल्याकडे खास आहे. कुपीतलं इन्सुलिन बहुतेक U-40, म्हणजे मिलिलिटरला 40 युनिट असतं, तर पेनचं U-100, म्हणजे मिलिलिटरला 100 युनिट. पेनमधलं इन्सुलिन U-40 च्या लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढलं तर अडीचपट डोस जातो. पेन बिघडल्यावर ही चूक होते. तेव्हा नारिंगी टोपीची U-100 सिरिंजच वापरा.

आणि इन्सुलिन दिल्यावर उलट्या सुरू झाल्या, काहीच पोटात ठरत नाही आणि शुगर उतरतेय, अशा वेळी लहान डोसचं ग्लुकागॉन असतं. 1 मिलिग्रॅम 1 मिलिलिटरमध्ये मिसळून दोन वर्षांच्या मुलाला U-100 सिरिंजमध्ये 2 युनिटच्या खुणेपर्यंत घेऊन कातडीखाली. अर्ध्या तासात शुगर चढली नाही तर दुप्पट. हा डोस तुमच्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या, आणि ग्लुकागॉन प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नसल्याने ते आत्ताच मागवून ठेवा.