भाडेकरूची माहिती पोलीस स्थानकात देताना

फ्लॅट प्रथमच भाड्याने देत आहात, म्हणून सांगतो: गोव्यात भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, त्यामुळे अर्ज भाडेकरूवर सोडून देऊ नका. तो ज्या पोलीस स्थानकाच्या हद्दीत फ्लॅट आहे तिथेच द्यावा, तुम्ही राहता तिथे नव्हे.

अर्जातला सर्वांत नाजूक रकाना कायमच्या पत्त्याचा. माझ्या पर्वरीच्या फ्लॅटमधील भाडेकरूच्या आधार कार्डावर बेळगावचे जुने भाड्याचे घर होते, मूळ गाव मात्र चंदगड तालुक्यातले. मी कार्डावरचाच पत्ता उतरवला. पडताळणीत त्या घरी त्याला ओळखणारे कोणीच भेटले नाही आणि अर्ज पुन्हा भरावा लागला. म्हणून पत्ता भाडेकरूला समोर बसवून लिहावा, गाव, तालुका व तिथले पोलीस स्थानक यांसह, आणि कार्डावरचा पत्ता वेगळा असल्यास तोही स्वतंत्रपणे नोंदवावा. सोबत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची माहितीही द्यावी. नंतर राहायला आलेल्या भावाची नोंद बहुधा राहूनच जाते.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये. भाडेकरू परदेशी असेल, तर त्याच्या आगमनापासून 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन वेगळी द्यावी लागते.