केमोच्या वहीत ‘डोस’ कशाला म्हणावं?

प्रश्न: आईची केमो सुरू आहे. पहिल्या दोन सायकली मुंबईला झाल्या, आता जळगावात घेतो. घरी वहीत मराठीत नोंद ठेवतो. ‘डोस कमी केला’ असं लिहिलं तर मावशीला वाटलं, आठाचे सहा झाले! डोस, सायकल, टॉक्सिसिटी याला नेमकं काय लिहावं आणि नोंद कशी मांडावी?

उत्तर: मावशींचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडे ‘डोस’ म्हणजे केमोची एक बैठक. ‘मायना तिसरा डोस व्हयना’ हे धुळ्यापासून भुसावळपर्यंत कुणालाही कळतं. डॉक्टरांच्या कागदावर मात्र डोस म्हणजे औषधाचं माप, मिलिग्रॅममध्ये. बोलताना ‘तिसरा डोस’ म्हणत राहा, ती भाषा कुणी बदलू नये. वहीत मात्र हा शब्द फक्त मापासाठी राखून ठेवा आणि बैठकीला ‘सायकल’ लिहा.

‘चक्र’ किंवा ‘पाळी’ का नको, असं कुणी विचारेल. ‘पाळी’चे आपल्या बोलण्यात आधीच दोन अर्थ आहेत, तिसरा नको. ‘चक्र’ चालेल, पण मग वही आणि हॉस्पिटलची फाइल जुळवताना दर वेळी मनात भाषांतर करावं लागतं. अर्थाने सगळ्यात जवळचा शब्द ‘आवर्तन’. गिरणेच्या पाटाला आवर्तन सुटतं, काही दिवस पाणी चालतं, मग पाट कोरडा राहतो, आणि हे सगळं मिळून एक आवर्तन. पाणी आठवडाभर उशिरा सुटलं तरी तिसऱ्या आवर्तनाचं चौथं होत नाही. सायकलही अगदी तशीच मोजायची. औषधाचे दिवस आणि सुटीचे दिवस मिळून एक सायकल, आणि तारीख सरकली तरी नंबर तोच. समजवायला आवर्तन, लिहायला सायकल.

तुम्ही औषधाचं नाव दिलेलं नाही, म्हणून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर नेहमी दिली जाणारी एक पद्धत उदाहरणाला घेतो. ऑक्झालिप्लॅटिनची सलाइन पहिल्या दिवशी आणि केपसायटाबिनच्या गोळ्या १४ दिवस, मग ७ दिवस सुटी. सायकल २१ दिवसांची, एकूण आठ. पेशंट मनाने उभा केलेला आहे, आकडे मात्र या औषधांच्या नेहमीच्या हिशोबाने धरले आहेत.

वहीच्या पहिल्या पानावर जे एकदाच ठरतं ते लिहा. उंची १५० सेंमी, वजन ५४ किलो. डोस थेट वजनावर ठरत नाही, शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. उंची गुणिले वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. इथे ८१०० भागिले ३६०० म्हणजे २.२५, त्याचं वर्गमूळ १.५ चौरस मीटर. ऑक्झालिप्लॅटिन दर चौरस मीटरला १३० मिग्रॅ, म्हणजे १९५. केपसायटाबिन दर चौरस मीटरला १००० मिग्रॅ, म्हणजे एका वेळी १५००, दिवसातून दोनदा. ५०० च्या तीन गोळ्या सकाळी, तीन संध्याकाळी, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. दोन्ही आकडे लिहा, दर चौरस मीटरचा आणि प्रत्यक्ष मिलिग्रॅमचाही. हॉस्पिटल बदललं की नवा डॉक्टर आधी पहिला आकडा शोधतो, कारण मधे वजन घटलं असेल तर नुसत्या १९५ वरून मुळात काय ठरलं होतं ते कळत नाही.

दिवस मोजायची एक खुबी आहे. सलाइनचा दिवस हा दिवस १. शून्यापासून मोजायचं नाही. ६ जानेवारी हा दिवस १ असेल तर २७ जानेवारी हा बाविसावा दिवस, आणि तोच दुसऱ्या सायकलचा दिवस १. गोळ्या पुष्कळदा पहिल्या दिवशी संध्याकाळी सुरू होतात आणि पंधराव्या दिवशी सकाळी संपतात. वही पाहणाऱ्याला वाटतं, पंधरा दिवस घेतल्या. घेण्याच्या वेळा मोजल्या तर २८ च भरतात. म्हणून गोळ्यांच्या रकान्यात दिवस न लिहिता ‘२८ पैकी किती वेळा’ असं लिहा.

आता तुमच्या ‘डोस कमी केला’कडे येऊ. या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडतात, आणि त्यांना तीन वेगळे शब्द हवेत. सायकल पुढे ढकलली तर ‘उशीर’. माप कमी केलं तर ‘घट’. ठरलेल्या गोळ्या मधेच थांबवल्या तर ‘खाडा’. मजुरीच्या हजेरीतला हा शब्द इथे चपखल बसतो, कारण खाड्याचा दिवस नंतर भरून निघत नाही, आणि त्रासामुळे थांबवलेल्या केपसायटाबिनच्या गोळ्याही नंतर भरून काढायच्या नसतात.

नोंद अशी दिसेल. तिच्यातला ‘ग्रेड’ म्हणजे त्रास किती मोठा त्याचा आकडा, तो कसा ठरतो ते पुढे येतं:

| सायकल | दिवस १ | ऑक्झालिप्लॅटिन | केपसायटाबिन, एका वेळी | घेतल्या वेळा | बदल आणि कारण |
|---|---|---|---|---|---|
| १ | ०६/०१/२०२५ | १९५ मिग्रॅ | १५०० मिग्रॅ | २८/२८ | नाही |
| २ | २७/०१/२०२५ | १९५ | १५०० | २०/२८ | खाडा: दिवस ११ संध्याकाळपासून, तळहात ग्रेड २ |
| ३ | १७/०२/२०२५ | १९५ | १५०० | २३/२८ | खाडा: दिवस १३ सकाळपासून, तळहात ग्रेड २, दुसऱ्यांदा |
| ४ | १७/०३/२०२५ (ठरलेली १०/०३) | १५० | ११५० | चालू | उशीर ७ दिवस: प्लेटलेट ६८,०००. घट: दोन्ही औषधं, कारणं खाली |

चौथी ओळ नीट पाहा. उशिराचं कारण प्लेटलेट. ऑक्झालिप्लॅटिन देण्याआधी त्या साधारण ७५,००० च्या वर लागतात, म्हणून आठवडाभर थांबले. पण घट प्लेटलेटमुळे झालेली नाही. केपसायटाबिन घटलं ते तळहातांच्या दुखण्यामुळे. या गोळ्यांचा रूढ नियम असा, की ग्रेड २ त्रास पहिल्यांदा झाला तर तो उतरेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा पूर्ण डोसवर सुरू करायचं. तोच दुसऱ्यांदा झाला तर ७५ टक्क्यांवर यायचं, आणि एकदा घटवलेला डोस पुढे वाढवायचा नाही. म्हणून तिसऱ्या ओळीतला ‘दुसऱ्यांदा’ हा शब्द फार मोलाचा. तो वहीत नसेल तर जळगावचा डॉक्टर त्याला पहिला प्रसंग समजून पुन्हा १५०० लिहू शकतो. १५०० चे ७५ टक्के ११२५, पण गोळ्या ५०० आणि १५० च्या येतात, म्हणून दोन मोठ्या आणि एक लहान मिळून ११५०.

ऑक्झालिप्लॅटिन घटलं ते हातापायांच्या मुंग्यांमुळे. दर चौरस मीटरला १३० वरून १००, म्हणजे १९५ वरून १५०. याला वहीत ‘२५ टक्के कमी’ लिहू नका. १९५ मधून २५ टक्के वजा केले तर १४६ येतात, आणि पुढचा माणूस कोडं सोडवत बसतो. दर चौरस मीटरचा आकडा लिहिला की प्रश्न मिटला.

खाड्याच्या उरलेल्या गोळ्यांचाही हिशोब ठेवा. दुसऱ्या सायकलमध्ये आठ वेळा चुकल्या, म्हणजे २४ गोळ्या डब्यात उरल्या. घरात कुणीतरी ‘महागाच्या आहेत, सुटीच्या आठवड्यात संपवून टाकू’ म्हणतंच. ‘शिल्लक २४, डॉक्टरांना दाखवायच्या’ असं त्याच ओळीखाली लिहून टाका.

राहिलं टॉक्सिसिटीचं. काही पत्रकांत ‘विषाक्तता’ असते, ती कुणी बोलत नाही. ‘विषबाधा’ तर आपल्या कापसाच्या पट्ट्यात मुळीच नको. इथे तो शब्द ऐकला की फवारणी करताना शेतात कोसळलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो. ‘दुष्परिणाम’ बरोबर आहे, पण रोजच्या वहीत मी ‘त्रास’ लिहीन. कारण वही तुम्ही भरणार, पण सांगणार आई, आणि आईला त्रास होतो, दुष्परिणाम होत नाही.

त्रासाच्या ओळीत चार गोष्टी आल्या की पुरे: काय झालं, सायकलच्या कितव्या दिवसापासून, किती दिवस टिकलं, आणि त्यामुळे काय करता आलं नाही. ग्रेड बहुतेक या चौथ्या गोष्टीवरच ठरतो. तळहात नुसते लालसर, दुखत नाहीत, तर ग्रेड १. दुखतात आणि कळण्याची भाकरी थापता येत नाही, तर ग्रेड २. स्वतःच्या हाताने जेवता किंवा बटण लावता येत नाही, तर ग्रेड ३. ‘हात खूप दुखतात’ एवढ्यावर डॉक्टरला ग्रेड देता येत नाही. ‘दिवस ११ पासून भाकरी थापणं बंद, जेवण स्वतः करते’ यावर लगेच देता येतो. जुलाबांतही तेच. ‘पातळ होतंय’ न लिहिता रोजच्यापेक्षा किती वेळा जास्त ते लिहा. जास्तीच्या वेळा चारपेक्षा कमी असतील तर ग्रेड १, चार ते सहा तर २, सात किंवा अधिक तर ३. मूळ सवय दिवसातून एकदाची की तीनदाची, हे पहिल्या पानावर हवं, नाहीतर ‘जास्त’ कशापेक्षा ते ठरत नाही.

मुंग्यांच्या बाबतीत ‘किती दिवस टिकल्या’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ऑक्झालिप्लॅटिननंतर गार पाणी प्यायलं की घसा आवळतो, फ्रिजमधलं भांडं धरलं की बोटं झिणझिणतात. हे काही दिवसांत ओसरतं आणि अपेक्षितच असतं. (जळगावच्या मे महिन्यात हे पथ्य पाळणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही.) पुढच्या सायकलच्या दिवस १ पर्यंत मुंग्या टिकल्या, गार नसतानाही राहिल्या, चप्पल पायातून निसटलेली कळेनाशी झाली, तर ती वेगळी गोष्ट आहे. आपल्या उदाहरणात पहिल्या सायकलला ‘गार लागल्यावर, दिवस १ ते ५’ आणि तिसरीनंतर ‘सतत, दिवस २८ लाही आहेत’ अशा नोंदी असतील. घटीचं कारण या दोन ओळींच्या फरकात आहे. दोन्हीकडे नुसतं ‘मुंग्या’ लिहिलं असतं तर ते दिसलंच नसतं.

एक जोडप्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. बायोप्सीच्या कागदावर ‘ग्रेड २’ असतं, त्याचा या ग्रेडशी संबंध नाही. तो गाठीच्या पेशी कशा दिसतात त्याचा ग्रेड, आणि आजार किती पसरला ती स्टेज, ती तिसरीच गोष्ट. म्हणून वहीत सुटा ‘ग्रेड’ कधीच लिहू नका. ‘तळहात ग्रेड २’, ‘जुलाब ग्रेड १’ असं त्रासाला चिकटवूनच लिहा. मावशींनी वही उघडली तरी आजार वाढला असं त्यांना वाटणार नाही.