शिफारसपत्रासाठी पुन्हा मेल कधी करावा?

प्रश्न: प्रोजेक्ट गाइड असलेल्या मॅडमना एमएसच्या शिफारसपत्रासाठी गुरुवारी, १३ नोव्हेंबरला मेल केला. आज १९ तारीख, अजून उत्तर नाही. अर्जाची मुदत १५ डिसेंबर. परत मेल केला तर उद्धटपणा वाटेल का? कधी करू आणि काय लिहू?

उद्या सकाळी करा. त्यात उद्धटपणा काही नाही.

मी बरीच वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते, त्यामुळे असे मेल यायचे त्या बाजूची गोष्ट सांगते. तुमचा मेल मॅडमनी बहुधा वाचलाय. दोन लेक्चरच्या मध्ये, स्टाफरूममध्ये, फोनवर. "अरे वा, हिला द्यायलाच हवं पत्र, रात्री लॅपटॉपवर नीट उत्तर लिहू," असं मनात म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला. रात्री पेपर तपासायचे होते. दुसऱ्या दिवशी तो मेल तीस मेलच्या खाली गेला, आणि वाचलेला असल्यामुळे ठळकही दिसेना. झालं. तुम्हाला सहा दिवसांची शांतता दिसतेय, त्यांच्या डोक्यात मात्र "उत्तर द्यायचंय" एवढंच आहे, किती दिवस झाले याचा हिशेबच नाही.

दिवस मोजताना कामाचे मोजा. १३ला मेल गेला, म्हणजे शुक्रवार १४ हा पहिला दिवस. शनिवार-रविवार सोडा. सोमवार, मंगळवार, आजचा बुधवार धरून चार होतात आणि उद्या गुरुवारी पाच. हातात महिनाभर असेल तर पाच कामाचे दिवस हे अंतर मला रास्त वाटतं. तिसऱ्या दिवशी आठवण आली तर समोरच्याला घाई वाटते, दहाव्या दिवसापर्यंत तुमचेच दिवस वाया जातात. जीमेलमध्ये आपल्याच मेलखाली मध्येच "Follow up?" असं झळकतं, त्यावर जाऊ नका. मुदत १५ डिसेंबर आहे की १५ जानेवारी हे जीमेलला माहीत नसतं.

दिवस खरं तर मुदतीपासून मागे मोजत यायचे असतात. शिक्षकाला पत्र नीट लिहायला दोन आठवडे द्यावेत, म्हणजे होकार १ डिसेंबरपर्यंत हातात हवा. उद्या आठवण केली आणि त्यालाही उत्तर आलं नाही, तरी २५ तारखेपर्यंत वाट पाहून दुसऱ्या शिक्षकांना विचारायला पाच-सहा दिवस उरतात. हीच मुदत दहा दिवसांवर असती, तर मी दोनच दिवस थांबा म्हटलं असतं आणि मेलसोबत फोनही करायला सांगितला असता. उलट सुट्टीवर असल्याचं आपोआप उत्तर आलं असेल, तर त्यात लिहिलेल्या परतीच्या तारखेनंतर दोन दिवस जाऊ द्या. परत आल्याच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचेच मेल साचलेले असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात तर ओरल, सेमिस्टरची परीक्षा आणि कॅपला पेपर तपासायला जाणं, सगळं एकदमच येतं.

आमच्याकडे एक मुलगी होती, फार गुणी. मला मेल केला आणि संकोचापायी तीन आठवडे गप्प बसली. मेल मी वाचला होता आणि विसरले होते. मुदतीच्या दोन दिवस आधी ती केबिनच्या दाराशी येऊन उभी राहिली. पत्र एका संध्याकाळी लिहिलं, पण ते कुणालाही लागू पडेल असं पुळचट झालं. तिचा प्रोजेक्ट कूलिंग टॉवरवर होता आणि त्यातली रीडिंग्ज तिने दोनदा घेतली होती. ते लिहायचं राहिलंच. चूक माझी होती, पण पाचव्या दिवशी तिने दोन ओळी पाठवल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेल पाठवण्याआधी दोन गोष्टी बघा. सेंटमध्ये जाऊन पत्ता अक्षर न् अक्षर तपासा आणि मेल परत आल्याची सूचना इनबॉक्समध्ये किंवा स्पॅममध्ये पडलीय का पाहा. पाठवताना सेंटमधला जुना मेलच उघडून त्याला रिप्लाय करा. विषय बदलू नका, नाहीतर जुना मेल वेगळा पडतो आणि मॅडमना शोधाशोध करावी लागते. रिप्लाय केला की जुनी अटॅचमेंट सोबत जात नाही, तेव्हा सीव्ही पुन्हा जोडा.

आता मजकूर. पहिल्या मेलमध्ये तुम्ही पत्र मागितलं होतं, म्हणजे तासाभराचं काम. आठवणीच्या मेलमध्ये त्याहून लहान प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या अंगठ्याने टाइप करता येईल. मी असं लिहीन:

"नमस्कार मॅडम,
शिफारसपत्राबद्दल १३ तारखेला केलेल्या मेलसंदर्भात लिहीत आहे. अर्जाची मुदत १५ डिसेंबर आहे. आपल्याला पत्र देणं जमेल का, एवढं मंगळवार, २५ तारखेपर्यंत कळवलंत तरी पुरेल. होकार असेल तर प्रोजेक्टचे मुद्दे एका पानावर लिहून लगेच पाठवीन. सध्या परीक्षांची गडबड असेल आणि जमत नसेल, तर तसं निःसंकोच सांगावं, मी दुसऱ्या सरांना विचारीन. सीव्ही पुन्हा जोडला आहे.
आपली विद्यार्थिनी,"

खाली पूर्ण नाव, बॅच आणि प्रोजेक्टचा विषय लिहा. मॅडमच्या हाताखालून दरवर्षी चार-पाच ग्रुप जातात, नुसत्या नावावरून चेहरा आठवेलच असं नाही. इंग्रजीत लिहिणार असाल तरी क्रम हाच ठेवा.

यात "माझा मेल बहुतेक आपल्या नजरेतून सुटला असावा" नाही, हे मुद्दाम. लिहिणाऱ्याला ते नम्र वाटतं, वाचणाऱ्याला चूक दाखवल्यासारखं. "जेंटल रिमाइंडर" तर नकोच. ऑफिसात ते इतकं घासून झालंय की वाचताक्षणी कुणीतरी मागे लागल्यासारखं होतं. तीनदा माफी मागणंही टाळा, कारण मग मूळ प्रश्न चौथ्या ओळीत जातो आणि फोनच्या पडद्यावर दिसतच नाही. नकाराची वाट मोकळी ठेवलेली ओळ मात्र काढू नका. ज्यांना पत्र द्यायचं नसतं ते बरेचदा "नाही" म्हणण्याच्या संकोचातून गप्प बसतात, आणि तुम्हाला तो नकार डिसेंबरात कळण्यापेक्षा आत्ता कळलेला बरा.

वेळ सकाळी नऊ-साडेनऊची ठेवा. रात्री लिहून झाला तर शेड्यूल करून ठेवा, रात्री साडेअकराचा मेल सकाळपर्यंत खाली गेलेला असतो. त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर "मॅडम, मेल पाहिलात का" टाकू नका. २५ तारीख उलटली की २६ला फोन करा किंवा सरळ कॉलेजात जाऊन भेटा.

होकार आला की एक घोळ ठरलेला आहे, तो आधीच सांगते. पत्र अपलोड करायची लिंक मॅडमना तुमच्याकडून जात नाही. तुम्ही अर्जात त्यांचा पत्ता भरला की विद्यापीठाच्या यंत्रणेकडून जाते आणि हमखास स्पॅममध्ये पडते. तेव्हा पत्ता भरलात की त्याच दिवशी "लिंक आली का, स्पॅममध्येही बघाल का" एवढं विचारा. त्यासाठी पाच दिवस थांबायची गरज नाही. आली नसेल तर बहुतेक पोर्टलवर ती पुन्हा पाठवायचं बटण असतं.