गोळी चालू असूनही जिममध्ये आंबट पाणी वर येत असेल तर

प्रश्न: संध्याकाळी सातला जिमला जातो. स्क्वॉट सुरू केले की छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येतं. सहाच्या सुमारास ऑफिसातून निघताना मूठभर शेंगदाणे आणि चहा एवढंच खातो. ॲसिडिटीची गोळी चालू आहे, तरी फरक नाही. काय करू?

उत्तर: तुमची पोस्ट वाचली आणि माझेच जुने दिवस आठवले. मी डॉक्टर नाही. पण आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. छातीतलं दुखणं श्रम केले की सुरू होत असेल, थांबलात की ओसरत असेल, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर ते ॲसिडिटी समजून अंगावर काढू नका. जिम बंद ठेवून हृदय तपासून घ्या. विशेषतः चाळिशी उलटली असेल, शुगर असेल किंवा सिगारेट असेल तर.

आता गोळीचं. माझे सगळ्यात जास्त महिने वाया गेले ते एका दवाखान्यामुळे. मी काय खातो, किती वाजता खातो, व्यायाम कधी करतो, हे तिथे एकदाही कुणी विचारलं नाही. दर भेटीत गोळीचा डोस तेवढा वाढायचा, आणि औषध देणारा माणूस पाकिटावर लिहायचा, ‘जेवणानंतर’. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या जातीची साधी गोळी खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जठरातले आम्ल तयार करणारे पंप खाण्याबरोबर जागे होतात आणि ही गोळी जागे झालेले पंपच बंद करते. जेवल्यावर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो. हे सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही, म्हणून अजून राग येतो. तुमच्या चिठ्ठीवर वेळ काय लिहिली आहे ते बघा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बरेच महिने चालू असलेली गोळी मनाने एकदम बंद मात्र करू नका, आम्ल काही काळ उलट जोरात वाढू शकतं.

पण गोळी अगदी वेळेवर घेतली तरी तुमचा प्रश्न पुरता सुटेल असं मला वाटत नाही. ती आम्ल कमी करते, जठराच्या तोंडाशी असलेली झडप घट्ट करत नाही. स्क्वॉटला खाली बसताना श्वास रोखून पोट आवळलं की आतला दाब वाढतो. जठरात काही शिल्लक असेल तर ते वर ढकललं जातं, आंबट असो वा नसो. ओळखायची खूण सोपी आहे: ढेकरेला शेंगदाण्याची चव येते का बघा. येत असेल तर तासाभरापूर्वी खाल्लेलं अजून वरच आहे.

आणि ते असणारच. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, आणि स्निग्ध पदार्थ जठरातून सगळ्यात हळू पुढे सरकतात. ‘मूठभरच’ म्हणून ते हलकं होत नाही. साबुदाण्याची खिचडी, वडापाव, पीनट बटर घातलेला शेक, सगळे त्याच माळेचे. चहा-कॉफीनेही अनेकांना त्रास वाढतो. तुमच्याकडे तर दोन्ही एकत्र आहेत.

मी काय बदललं ते सांगतो. दुपारचं जेवण एकच्या सुमारास, पोटभर. पूर्ण जेवण आणि व्यायाम यांत निदान तीन तास. साडेचार-पाचला दोन इडल्या किंवा एक केळं, चटणीत खोबरं-दाणे नाहीत. चहा त्याच वेळी, नंतर नाही. सहानंतर फक्त घोट घोट पाणी. गटागटा अर्धा लिटर प्यायलं तर तेही वर येतं. सेट मारताना उचलताना श्वास सोडायचा, कंबरेचा पट्टा फक्त जड सेटपुरता. पोटाचे क्रंचेस आणि उतारावरचा बेंच शेवटी, त्रास असलेल्या दिवशी अजिबात नाही. ट्रेडमिलवर धावण्याऐवजी सायकल घेऊन बघा, हादरे कमी बसतात. केळ्यानेच जळजळ होणारी माणसंही मी पाहिली आहेत, तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशामुळे बरं वाटलं ते कळणार नाही. इन्शुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी व्यायामाचा प्रयोग डॉक्टरांना न विचारता करू नये.

काही जण जिमआधी थंड दूध प्यायला सांगतात. माझं मत स्पष्ट आहे, नको. पाच मिनिटं बरं वाटतं, मग पोटात भरलेलं दूध घेऊन तुम्ही वजनं उचलता.

गिळताना अडकणं, काळी शौच, उलटीत रक्त किंवा कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि पोटविकार तज्ज्ञांकडे जा.

रात्रीचं जेवण किती वाजता होतं तेही लिहा. जिमहून साडेनऊला येऊन जड जेवलात आणि साडेदहाला आडवे झालात, तर सकाळीच घसा जळत असेल. तसं असेल तर रात्रीचं पान हलकं करा आणि झोपताना डाव्या कुशीवर वळा.